पैंजण घातलेला पोपट

प्रिय अनू,

उद्या दुपारी बारा चाळीसला तुझ्या डोक्यावर अक्षता पडतील. आदल्या रात्री बापाने मुलीला पत्र लिहायचं असतं, असं तुझ्या मामाचं म्हणणं आहे. त्याने मोबाईलवर दोन नमुनेही पाठवले. दोन्हींत बाप तिसऱ्या ओळीपासून रडतोय. मला ते जमणार नाही, कारण मी आज दुपारपासून चिडलेला आहे, आणि चिडलेल्या माणसाला रडू येत नाही. तेव्हा आधी माझा राग ऐकून घे. आशीर्वाद कुठे पळून जात नाहीत.

तुझ्या सासरच्या मंडळींना मानाचा आहेर काय द्यायचा हा प्रश्न आपल्या घरात कधी निघालाच नाही. सोलापूरच्या माणसाला गावाबाहेर दोनच गोष्टी विचारतात, शेंगाचटणी आणली का आणि चादर केवढ्याला पडते. तुझ्या होणाऱ्या सासूबाई बैठकीतच म्हणाल्या होत्या, "तुम्ही सोलापूरचे म्हणजे चादरी आल्याच." आल्याच म्हणजे आपोआप येतात असं त्यांना वाटत असावं. माझी ओळखीची माणसं ऐनवेळी देतील या भरवशावर मी होतो, पण लग्नसराईत त्यांचा माल आधीच गेलेला. म्हणून आज भर उन्हात, त्रेचाळीस डिग्रीत, मी बाजारातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. जन्मभर चादरीचं डिझाइन काढलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून चादरीच्या दुकानात! आचारी खानावळीत जेवायला गेला की त्याचं तोंड जसं होतं, तसं माझं झालं होतं.

आत एसी होता. एक पोरगा पुढे आला. कानात ते पांढरं बटण, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "बोला काका, कुठून आलात?"

म्हटलं, "इथूनच."

"मग कधी बघितली नसेल तुम्ही चांगली चादर. गावातली माणसं येत नाहीत आमच्याकडे, सगळे देवदर्शनाला आलेले येतात. बसा, दाखवतो."

मी बसलो. बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. ते एक नॅपकीन घ्यायला आले होते आणि बहुतेक सकाळपासून तो एकच नॅपकीन घेत होते. एसीमुळे घाई नव्हती. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काय ओ मास्तर, वळख लागली का?"

लागली नव्हती. मी मान हलवली, ती हो आणि नाही या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

"तुमची पोरगी लाईटीत हाय न्हवं?"

अनू, तू वीज कंपनीत इंजिनिअर झालीस तेव्हापासून मला स्वतःचं नाव उरलेलं नाही. मी 'लाईटवाल्या मॅडमचा बाप' आहे. गल्लीत लाईट गेली की लोक तक्रार नोंदवत नाहीत, मला फोन करतात. रात्री दीड वाजता एकजण म्हणाला होता, "काका, जरा बोर्ड चालू करायला सांगा की." जणू तू आपल्या माळ्यावर बसून सोलापूरचा खटका वर-खाली करतेस.

"हाय," मी म्हणालो.

"मग आमच्या डीपीचं बघा की जरा. फ्यूज उडतोय बघा रोज. आकडे टाकल्यात ओ सगळ्यांनी. मी न्हाय टाकलेला."

"उद्या तिचं लग्न आहे."

"बरं झालं की. परवा सांगा मग."

एवढ्यात त्या पोराने काउंटरवर चादरींचा ढीग टाकला. वरची चादर झटक्यात उलगडली आणि म्हणाला, "ही बघा काका, लेटेस्ट डिझाइन. बाहेरून येतं. कॉम्प्युटरवर काढलेलं."

मी बघितलं, आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. चादरीच्या मधोमध पोपट होता. डाळिंबाच्या फांदीवर बसलेला, मान मागे वळवलेला. आणि त्याच्या दोन्ही पायांत पैंजण होते.

तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची होतीस. मी घरी आलेख-कागदावर डिझाइन भरत बसलो होतो आणि तू टेबलावर पोटावर पडून रंगाच्या पेन्सिली खात होतीस. चादरीतल्या पोपटाला आम्ही पाय काढत नसू. ती कटकट असते. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाला गोल रेघ ठाऊक नाही. ताण्याचा उभा धागा एक तर वर उचलला जातो नाहीतर खालीच राहतो, त्यामुळे कागदावर जेवढे चौकोन भरशील तेवढंच कापडावर उतरतं. पोपटाचं पोट मोठं असतं, तिथे वळण पायऱ्यापायऱ्यांनी काढलं तरी लांबून गोल दिसतं. पाय मात्र दोन-तीन चौकोनांचा, तो काढायला गेलं की काटकी होते. म्हणून पोट थेट फांदीला चिकटवून मोकळं व्हायचं. तू विचारलंस, "पोपटाला पाय कुठंयत?" मी म्हटलं पानाआड आहेत. तू पान बाजूला करायला सांगितलंस. मी पाय काढले. मग तू म्हणालीस, "आता पैंजण घाला."

पैंजण घातले. त्यासाठी फांदी खाली सरकवावी लागली, फांदीमुळे डाळिंब सरकलं, डाळिंबामुळे काठ बदलला. सगळा कागद नव्याने भरला. मग त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पाडायचे. बाण्याचा एक आडवा धागा जायचा म्हणजे एक पत्ता. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तेवढे ताणे वर उचलले जातात. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि तो ताणा खालीच राहतो. असे शेकडो पत्ते ओळीने दोऱ्याने ओवून मागावर चढवायचे, आणि मग वरून ती माळ फिरत राहते आणि खाली पोपट उगवत राहतो. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत त्याच जागी डाग. म्हणून पहिली चादर उतरली की मी ती उजेडाला धरून बोटाने वाचायचो.

कारखान्याचे शेट म्हणाले होते, "मास्तर, पक्ष्याला दागिने? डोकं ठिकाणावर आहे का?" पण ती चादर चालली. चांगली चालली. शेटने नंतर त्याच पत्त्यांवर चार रंगांत काढली. मला दिवाळीला एक चादर जास्त मिळाली, तीच तू हॉस्टेलवर नेलीस.

आणि आज तोच पोपट काउंटरवर, कॉम्प्युटरवर काढलेला!

मी चादर हातात घेतली. हलकी. काठ दुमडून शिवलेला. उलटी केली तर मागे पोपट नाहीच, नुसती पांढुरकी सावली. आपल्या चादरीची पाठ म्हणजे दुसरं तोंड असतं. पुढे लाल जमिनीवर पिवळा पोपट असेल तर मागे पिवळ्या जमिनीवर लाल पोपट निघतो, कारण धागे दोन्हीकडून आलटून-पालटून वर येतात. म्हणूनच ती दोन्ही बाजूंनी पांघरता येते आणि एक बाजू विटली तर उलटून पुढची काही वर्षं काढता येतात. ही नुसती छापलेली होती. पण खरी चीड मला कशाची आली सांगू? छापणाऱ्याने पोपटाच्या पोटाच्या पायऱ्यासुद्धा छापल्या होत्या! अरे, छपाईत तुला गोल रेघ काढायला कोणी अडवलं होतं? पायऱ्या ही आमची मजबुरी. ती काढायला रात्रीच्या रात्री गेल्या. या पठ्ठ्याने जुन्या चादरीचा फोटो घेतला आणि आमची मजबुरीही चोरली.

"हे विणलेलं नाही," मी म्हणालो.

"काका, प्युअर कॉटन आहे."

"कॉटनही नाही."

"तुम्हाला नाही कळायचं काका. हात लावून बघा, किती सॉफ्ट आहे."

"काडेपेटी आहे का?"

पोरगा दोन पावलं मागे गेला. "काका, दुकानात सिगारेट नाही."

शेजारच्या गृहस्थांनी मात्र तत्परतेने पिशवीत हात घातला. आत काडेपेटी होती, विडीचं बंडल होतं, आणि डीपीचा अर्जही होता. तो त्यांनी काडेपेटीबरोबरच माझ्या हातात दिला. मी चादरीच्या काठातून एक धागा ओढला. पोरगा ओरडला, "अहो, माल खराब होतोय!" मी म्हटलं, एका धाग्याचे पैसे लाव. धागा चिमटीत धरून काडी लावली. सुती धागा असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली की राखेची भुकटी होते. हा जळला नाही. आक्रसला, वितळला, काळा धूर सोडला आणि टोकाशी एक काळा मणी झाला.

"बघू," म्हणत गृहस्थांनी तो मणी बोटाने दाबला. तो अजून गरम होता. त्यांनी जी शिवी दिली ती लग्नघरातून निघालेल्या पत्रात लिहिता येत नाही. बोट तोंडात घालून म्हणाले, "पलास्टिक हाय बे हे!"

मला वाटलं आता पोरगा वरमेल. तो शांतपणे म्हणाला, "काका, कशाला घेताय?"

"आहेराला."

"मग? आहेराची चादर कोण जाळून बघतंय?"

अनू, मी गप्प झालो. कारण हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. आहेर वापरण्यासाठी नसतोच, तो फिरण्यासाठी असतो. आपल्या घरातून एक कॉफी रंगाचा शर्टपीस तुझ्या मावसकाकांच्या वास्तुशांतीला गेला होता. तो कुठे कुठे हिंडला देव जाणे, तुझ्या साखरपुड्यात परत आला. तुझ्या आईने स्वतः लावलेलं कुंकू खोक्याच्या कोपऱ्यावर होतं. टॉवेल-टोपी तर आपल्याकडे चलनात असलेली नोट आहे. अशा जगात मी एकटा विस्तव घेऊन काय फिरणार?

तरी मी म्हटलं, "हा पोपट मी काढलेला आहे."

पोरगा हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा. "हो का? छान छान. माझे आजोबा पण म्हणतात, त्यांनी विमान चालवलंय."

गृहस्थ खाली वाकून पोपटाकडे बघत होते. "पैंजण? पोपटाला? कुठल्या येड्यानं घातलं ओ?"

"माझ्या मुलीने."

"लाईटीतल्या?"

"एकच मुलगी आहे मला."

ते सरळ बसले. मग पोराकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मास्तरचाच पोपट हाय म्हणत्यात. धा टक्के तर सोड की."

"फिक्स रेट आहे," पोरगा म्हणाला.

मी ती चादर घेतली. साडेचारशे रुपये. माझाच पोपट, तोही प्लॅस्टिकचा, मी पूर्ण किमतीला विकत घेतला. तुझी आई म्हणाली, "कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. ती सध्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आहे, कुत्रं बसलं तरी चालेल.

आता तू म्हणशील, बाबा, एवढं काय त्यात. त्यात एवढंच की चादरीच्या नावाला भौगोलिक मानांकन आहे. 'सोलापुरी चादर' हे नाव सोलापूरबाहेरच्या मालाला लावता येत नाही, असं कायदा सांगतो. पण नाव लावायचं नाही म्हटल्यावर लोक नाव सोडतात आणि पोपट उचलतात. पोपटाला मानांकन नाही. आमचं नाव तर चादरीवर कधीच नव्हतं. पत्ते कारखान्याचे, कागद कारखान्याचा, डिझाइन कारखान्याचं. 1877 साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून या गावाने किती कापड विणलं आणि त्यातलं एक फूल कुणी काढलं ते कुणाला सांगता येणार नाही. मिलची पोरं मागावर आली, मागाची पोरं रिक्षावर गेली. पूर्व भागातल्या ज्या गल्लीत खटखटीमुळे बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे आता दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. जाऊ दे. लग्नाच्या घरात हे नको.

तुझ्या सासरच्यांची काळजी करू नकोस. तिथून मी तडक माझ्या जुन्या जोडीदाराच्या शेडवर गेलो. त्याचे दोन माग अजून चालतात. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलेल्या अडीच डझन चादरी मला दिल्या, साठ बाय नव्वदच्या, पोपट नाही, साधी चौकट आणि फुलं. मागची बाजू बघितली, काठ बघितले, एक धागा जाळून बघितला. तो म्हणाला, "माझा पण जाळतोस काय बे?" म्हटलं, आज सवय लागलीय. राखेची भुकटी झाली. सासूबाईंना सांग, पहिली धुवायची ती वेगळी आणि थंड पाण्यात, रात्रभर भिजत घालायची नाही आणि कडक उन्हात रंगाची बाजू वर करायची नाही. एवढं पाळलं तर ती चादर सासूबाईंच्या नातवंडांनाही ओढता येईल. नातवंडांचं नुसतं चादरीच्या टिकाऊपणासंदर्भात म्हणतोय, घाई नाही.

त्या गृहस्थांचा अर्ज मात्र माझ्याकडेच राहिला. संध्याकाळी वाचला. मला वाटलं होतं वेडेपणा असेल, पण त्यात फ्यूज उडाल्याच्या तारखा, वेळा, किती घरं अंधारात होती, सगळं नीट ओळीने लिहिलंय. खाली लिहिलंय, 'मागच्या वादळात मॅडम स्वतः आल्या होत्या.'

मी पण आलो होतो त्या रात्री, तुला माहीत नसेल. वळवाच्या पावसात झाड तारांवर पडलं होतं आणि तू जेवली नव्हतीस म्हणून डबा घेऊन आलो होतो. तू मला पाहिलं नाहीस, मी रिक्षाच्या आडोशाला उभा होतो. गल्ली सगळी रस्त्यावर. एक पुढारी तुझ्या तोंडाशी बोट नाचवत होता, "खांबावर माणूस चढवा आधी, कागदं नंतर करा." तू आवाज न चढवता म्हणालीस, "फीडर बंद झाल्याचं परमिट हातात आल्याशिवाय आणि अर्थिंग लावल्याशिवाय माझा माणूस चढणार नाही." तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे." तू म्हणालीस, "तुम्ही कोणीही असा, करंटला माहीत नाही." पाऊण तास अंधार राहिला. लोकांनी तुला नाही नाही ते बोलून घेतलं. मग परमिट आलं, लाईनमन चढला, उतरला, आणि त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा त्याने तिला सांगितलं, "मॅडम हाईत, काळजी करू नको."

डबा मी लाईनमनच्या हाती दिला आणि घरी आलो. तुझ्या आईला म्हटलं, पोरगी बरी आहे. आणखी काय सांगणार?

उद्या भटजी मला कन्यादानाचा संकल्प म्हणायला लावतील. मी म्हणेन, कारण तुझ्या आजीला बरं वाटेल. पण दान देण्यासाठी वस्तू आपल्या मालकीची असावी लागते, आणि चार वर्षांच्या तुझ्यावरही माझी मालकी चालली नव्हती, पोपट साक्षी आहे. जावईबापूंना मी एवढंच सांगितलंय की ती काही करायला सांगेल तेव्हा कारण विचारलं तरी चालेल, पण काम थांबवू नका. ते हसले. बहुतेक त्यांना अनुभव आलेला आहे.

तुझ्या बॅगेत चटणीचे दोन डबे, कडक भाकरीची चळत आणि नव्या चादरींपैकी दोन ठेवल्या आहेत. हॉस्टेलची जुनी चादर मी काढून घेतली आहे, शोधत बसू नकोस. ती मला दिवाळीला मिळाली होती, तुला नाही.

आणि मुख्य सांगायचं राहिलं. उद्या आपल्या भागात पाण्याचा दिवस आहे, पहाटे पाचला नळ येईल. घरात एकवीस पाहुणे आहेत आणि तुझ्या मामाला अंघोळीला अर्धा तास लागतो. पावणेपाचला मी दार वाजवीन. लगेच उठ आणि बाथरूम आधी तू घे, बाकीच्यांना मी बाहेर अडवून धरतो.

तुझा,
बाबा